नफा कमी होतो तो दिवस आणि खातं बंद होतं तो दिवस: उधारीवरची ईसीएल तरतूद आणि राइट-ऑफ

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यापारी बँकांसाठी, कर्जातला अपेक्षित तोटा आधीच हिशेबात धरण्याच्या 'ईसीएल' पद्धतीचा मसुदा काढला आणि ती १ एप्रिल २०२७ पासून लागू करण्याचं सुचवलं. तेव्हापासून हा शब्द मराठी बातम्यांतही दिसू लागला आहे. त्याच्या जोडीला 'बँकांनी इतक्या कोटींची कर्जं राइट-ऑफ केली' ही बातमी येतच असते, आणि तिच्याखाली 'श्रीमंतांना माफी, गरिबांना नोटीस' अशा प्रतिक्रियांची रांग लागते. या दोन शब्दांत नेमका काय फरक आहे, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

तो फरक समजून घ्यायला बँकेपेक्षा उधारीवर माल देणारी कंपनी जास्त सोयीची. बँकांसाठी ही पद्धत नवी आहे. मोठ्या कंपन्यांच्या उधारीला ती 'इंड एएस १०९' या हिशेब-मानकानुसार १ एप्रिल २०१६ पासूनच टप्प्याटप्प्याने लागू झाली. गोव्यात तर बराच व्यापार उधारीवर चालतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून हॉटेलांना चादरी, साबण, भांडी, खाद्यपदार्थ जातात. पैसे पंचेचाळीस दिवसांनी, साठ दिवसांनी, कधी हंगाम संपल्यावर येतात. ताळेबंदात या पैशांना 'येणी' म्हणतात. वर्षअखेरीला प्रश्न एकच असतो: यातलं खरोखर हाती किती येणार?

## अंदाज घोळक्याचा, निकाल एकट्याचा

म्हापशाच्या बाजारात शंभर नारळ घाऊक विकत घेणाऱ्याला ठाऊक असतं की यातले तीन-चार आतून नासके निघणार. कुठले, ते बाहेरून कळत नाही. तरीही तो भाव ठरवताना सत्त्याण्णवच धरतो. पुढे एखादा नारळ फोडल्यावर नासका निघाला की तो फेकून देतो. तेव्हा त्याला नवा तोटा होत नाही, कारण तो तोटा खरेदीच्या वेळीच हिशेबात धरलेला होता.

ईसीएल, म्हणजे एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉस, हा त्या तीन-चार नारळांचा अंदाज. येण्यांच्या सगळ्या घोळक्याकडे पाहून 'यातून इतके पैसे येणार नाहीत' असं आधीच ठरवायचं, तेवढी रक्कम नफ्यातून वजा करायची आणि 'तरतूद' या खात्यात ठेवायची. ग्राहकांची खाती जशीच्या तशी राहतात, कुणाचंही नाव खोडलं जात नाही. ताळेबंदात येणी दाखवताना मात्र तरतूद वजा होऊन उरलेला आकडा येतो.

राइट-ऑफ म्हणजे फोडलेला नारळ फेकणं. ठरावीक ग्राहक, ठरावीक बिल, आणि आता त्यातून काही येईल अशी वाजवी आशा उरलेली नाही. मग ती रक्कम येण्यांतूनच काढून टाकली जाते.

तरतुदीच्या खात्यात वेगळे काढून ठेवलेले रोख पैसे असतात, असा समज आहे. तसं काहीही नसतं. ती फक्त वह्यांतली नोंद आहे; बँकेतली शिल्लक त्याने एक रुपयाही हलत नाही.

## दर येतात कुठून?

एक कल्पित कंपनी घेऊ. ती वेर्ण्याची आहे, हॉटेलांना साहित्य पुरवते, आणि तिची मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे तिलाही इंड एएस लागू आहे. पुढचे सगळे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

या कंपनीने तिच्या छोट्या हॉटेल-ग्राहकांची जुनी बिलं काढली. जुनी अशासाठी, की त्यांचं शेवटी काय झालं ते आज कळलेलं असावं. त्या वर्षी एकूण १,००० लाखांची बिलं झाली होती. त्यातले ४०० लाख मुदतीत आले नाहीत. १०० लाख मुदतीनंतर तीस दिवस उलटले तरी बाकी होते, २५ लाख नव्वद दिवसांनंतरही आणि १० लाख एकशेऐंशी दिवसांनंतरही. अखेरीस बुडाले ४ लाख.

आता प्रत्येक टप्प्यावर तेच चार लाख भागायचे. सगळ्या बिलांशी तुलना केली तर तोटा ०.४ टक्के. मुदत चुकलेल्या ४०० लाखांशी तुलना केली तर १ टक्का. तीस दिवस उलटलेल्यांत ४ टक्के, नव्वद उलटलेल्यांत १६, आणि एकशेऐंशी उलटलेल्यांत ४०. बिल जितकं जुनं, तितकं ते बुडण्याची शक्यता जास्त, हे सगळ्यांना अंदाजाने ठाऊक असतं. इथे त्याला स्वतःच्याच वहीतून आकडा मिळतो. माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे.

पण जुना अनुभव पुरेसा नाही. पुढच्या काळाबद्दल जी वाजवी आणि आधार असलेली माहिती हाती आहे, तीही धरावी लागते. समजा यंदा चार्टर विमानांची नोंदणी कमी दिसते आहे आणि किनाऱ्यावरची छोटी हॉटेलं हंगामातच रिकामी आहेत. कंपनीने त्यासाठी सगळे दर सव्वापट केले. सव्वापटच का, याचं टिपण लिहून ठेवावं लागतं, कारण लेखापरीक्षक नेमकं तेच विचारतो. ३१ मार्चचा तक्ता मग असा होतो:

| बिलाची अवस्था | येणी (लाख ₹) | दर | तरतूद (लाख ₹) |
|---|---|---|---|
| मुदत संपलेली नाही | १२० | ०.५% | ०.६० |
| १ ते ३० दिवस उशीर | ४० | १.२५% | ०.५० |
| ३१ ते ९० दिवस | २० | ५% | १.०० |
| ९१ ते १८० दिवस | १२ | २०% | २.४० |
| १८० दिवसांहून जास्त | ८ | ५०% | ४.०० |
| एकूण | २०० | | ८.५० |

ताळेबंदात येणी दिसणार १९१.५० लाख.

## मुदतही न संपलेल्या बिलावर तोटा कसा धरायचा?

पहिल्या ओळीवर मालक हमखास अडखळतात. 'मी काल माल दिला, पैसे द्यायला त्याला अजून पन्नास दिवस आहेत, आणि तुम्ही आजच साठ हजार बुडाले म्हणता?'

उत्तर वरच्याच हिशेबात आहे. जे चार लाख अखेर बुडाले, तेही एके काळी मुदतीतलीच बिलं होती. जुन्या पद्धतीत बिल थकल्याची, चेक परत आल्याची किंवा हॉटेल बंद पडल्याची खूण दिसेपर्यंत थांबता यायचं. २००८ च्या आर्थिक संकटात जगभरच्या बँकांचे तोटे वह्यांत फार उशिरा उतरले, म्हणून ती पद्धत टाकून देण्यात आली. व्यापारातल्या साध्या उधारीसाठी मानकाने काम सोपं केलं आहे. बँकेला या पद्धतीत कर्जाचे तीन टप्पे पाहावे लागतात, तसं इथे नाही. बिल झाल्या दिवसापासून त्याच्या पूर्ण आयुष्यातला अपेक्षित तोटा धरायचा आणि त्यासाठी वरच्यासारखा दरांचा तक्ता वापरायचा.

गोव्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. सगळे ग्राहक एकाच तक्त्यात कोंबले की तक्ता खोटं बोलू लागतो. किनाऱ्यावरचा शॅक पावसाळ्याआधी मोडून काढावा लागतो. मे महिन्यात बिल बाकी राहिलं तर जूनमध्ये तगादा लावायला त्या जागी काहीच उभं नसतं. पंचतारांकित हॉटेलाचं बिल मात्र दोन महिने उशिरा आलं तरी येतं. सरकारी खातं अखेरीस जवळजवळ नक्की देतं, पण वर्षभर लावतं, आणि तो उशीर हाही मानकाच्या दृष्टीने तोटाच असतो, कारण वर्षाने मिळणारे शंभर रुपये आजच्या शंभर रुपयांच्या तोडीचे नसतात. या तिघांचे तीन तक्ते हवेत.

## एक हॉटेल बंद पडतं

आता गोष्ट एकट्या ग्राहकाकडे वळते. शेवटच्या ओळीतल्या आठ लाखांपैकी पाच लाख कळंगुटच्या एकाच हॉटेलाकडे आहेत. जुलैमध्ये कळतं की जागेचा भाडेकरार संपला, फर्निचर विकलं गेलं, वकिलाची नोटीस 'पत्त्यावर कुणी नाही' म्हणून परत आली, आणि भागीदारांच्या नावावर जप्त करण्याजोगं काही सापडत नाही.

पहिली पायरी राइट-ऑफची नाही. पहिली पायरी म्हणजे या हॉटेलाला घोळक्यातून बाहेर काढून त्याचा वेगळा विचार करणं. तक्त्यानुसार त्याच्या पाच लाखांवर पन्नास टक्के, म्हणजे अडीच लाखांची तरतूद आधीच आहे. आता शंभर टक्के हवी. म्हणून आणखी अडीच लाख नफा-तोटा खात्याला नावे आणि तरतुदीला जमा. तरतूद ८.५० वरून ११ लाख झाली. येणी २००, वजा तरतूद ११, निव्वळ १८९ लाख.

नफा कमी झाला तो या दिवशी.

दुसरी पायरी राइट-ऑफ. तरतुदीला ५ लाख नावे, हॉटेलाच्या खात्याला ५ लाख जमा. येणी राहिली १९५, तरतूद राहिली ६, निव्वळ पुन्हा १८९ लाख. नफा-तोटा खात्याला या नोंदीने हातही लागला नाही.

राइट-ऑफच्या नोंदीआधी १८९ आणि नंतरही १८९, हा मुद्दा लक्षात आला की बाकीचा बराच गोंधळ आपोआप सुटतो. तोटा आशा कमी होते तेव्हा नोंदला जातो. नाव खोडलं जातं तेव्हा फक्त वही साफ होते. म्हणून एखाद्या कंपनीने 'यंदा इतके राइट-ऑफ केले' एवढ्यावरून तिला यंदा तितका तोटा झाला असं म्हणता येत नाही. तो कदाचित दोन वर्षांपूर्वीच नोंदून झालेला असेल.

पहिली पायरी गाळून थेट राइट-ऑफ केलं तर काय बिघडतं? तरतूद ८.५० मधून ५ गेले, ३.५० उरले. पण उरलेल्या १९५ लाखांच्या येण्यांना तक्त्याप्रमाणे ६ लाख लागतात. म्हणजे एका हॉटेलाने इतर ग्राहकांसाठी ठेवलेले अडीच लाख खाऊन टाकले आणि ताळेबंदात येणी तेवढी फुगलेली दिसू लागली. वर्षअखेरीला तक्ता पुन्हा मांडल्यावर ही तूट भरून निघते, पण मधल्या तिमाहीचे निकाल चुकतात.

उलट्या दिशेची चूक जास्त आढळते. पाच लाख थेट नफा-तोटा खात्याला 'बुडीत कर्ज' म्हणून टाकले जातात, आणि त्या हॉटेलासाठी आधीच केलेली तरतूदही तशीच राहते. एकच नारळ दोनदा नासका धरला गेला. ही चूक पकडायला तरतुदीच्या खात्याची चार ओळींची जुळणी पुरते: वर्षारंभीची शिल्लक, त्यात वर्षभरात वाढवलेली रक्कम, वजा राइट-ऑफला वापरलेली, बरोबर वर्षअखेरीची. शेवटचा आकडा तक्त्यातल्या एकूण तरतुदीशी जुळलाच पाहिजे.

## तक्ता खोटा पडतो तो बहुतेक वेळा वसुलीच्या नोंदींमुळे

दरांवर बैठका होतात, पण माझ्या पाहण्यात घोटाळा त्याआधीच झालेला असतो. हॉटेलवाला दर महिन्याला ठोक दोन लाख पाठवतो. कुठल्या बिलाचे, ते सांगत नाही. कारकून Tally मध्ये ती रक्कम एखाद्या बिलाला `Agst Ref` म्हणून न जोडता `On Account` मध्ये टाकतो. ग्राहकाची एकूण बाकी बरोबर दिसते, पण जुनं बिल उघडंच राहतं आणि वयाच्या यादीत 'एकशेऐंशी दिवसांहून जास्त' म्हणून झळकतं. त्यावर पन्नास टक्के तरतूद लागते, आणि ते पैसे तर केव्हाच आलेले असतात.

ओळखायची खूण सोपी आहे. एकाच ग्राहकाच्या नावावर खूप जुनं बिल आणि न जोडलेली मोठी जमा रक्कम शेजारी-शेजारी दिसली, तर दराला हात लावण्याआधी ती जुळणी करा. यादी बिलाच्या तारखेपासून वय मोजते की पैसे देण्याच्या मुदतीपासून, तेही पाहा. साठ दिवसांची उधारी असेल तर या एका गोष्टीने अर्धं कोष्टक सरकतं.

## म्हणजे नफा हवा तसा वरखाली करण्याची सोयच ना?

ही शंका रास्त आहे. सव्वापटीऐवजी दीडपट केली की नफा कमी, एकपट ठेवली की जास्त. चांगल्या वर्षी तरतूद फुगवून वाईट वर्षी ती सोडण्याचा मोह कंपन्यांना होतो.

त्यावर तपासणी आहे ती मागे वळून पाहण्याची. मागच्या ३१ मार्चला केलेल्या अंदाजापैकी प्रत्यक्षात किती बुडालं, हे दरवर्षी पडताळता येतं. ८.५० लाखांची तरतूद करणाऱ्या कंपनीचे वर्षामागून वर्ष दोन लाखच बुडत असतील, तर तिला दर खाली आणावे लागतील किंवा सबळ कारण द्यावं लागेल. इंड एएस १०७ नुसार तरतुदीची वर्षभरातली हालचाल ताळेबंदाच्या टिपांत छापावी लागते, त्यामुळे बाहेरच्या वाचकालाही हे पाहता येतं. एक मर्यादा मात्र उरतेच: अंदाज तो अंदाजच. मार्च २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा गोव्यातल्या कुठल्याही जुन्या तक्त्यात त्या परिस्थितीचा दर नव्हता.

## शंभर टक्के तरतूद केली, मग राइट-ऑफ का नाही?

याचं चांगलं उदाहरण गोव्याच्या आठवणीत आहे. ब्रिटनमधली थॉमस कुक ही पर्यटन कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली. तिच्या चार्टर विमानांनी येणारे ब्रिटिश पर्यटक हा इथल्या हंगामाचा मोठा आधार होता. भारतातली थॉमस कुक ही वेगळ्या मालकीची कंपनी. तिचा या बुडण्याशी संबंध नव्हता.

ब्रिटिश कंपनीकडे येणी असलेल्या आणि इंड एएस पाळणाऱ्या एखाद्या हॉटेल कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मे २०१९ मध्येच ब्रिटिश कंपनीने सहामाही तोटा सुमारे दीड अब्ज पौंड असल्याचं जाहीर केलं होतं. मग ३० जूनच्या तिमाहीत तिची बाकी घोळक्यात ठेवून अर्धा-एक टक्का लावणं पटणारं नव्हतं. वेगळा, वाढीव दर हवा होता. सप्टेंबरची तिमाही बुडण्याच्या घटनेनंतर आठवड्याभरातच संपली, तेव्हा तरतूद जवळजवळ पूर्ण रकमेची होणार.

राइट-ऑफ मात्र त्याच दिवशी करायलाच हवा असं नाही. कंपनी अवसायनात गेली की सरकारी अवसायक मालमत्ता विकतो, धनको दावे नोंदवतात, आणि विनातारण धनकोच्या हाती काही पडलंच तर ते पुष्कळ उशिरा पडतं. तोवर खातं वहीत उभं राहू शकतं, त्यावर शंभर टक्के तरतूद असते आणि निव्वळ किंमत शून्य दिसते. 'काहीच येणार नाही' असं वाजवीपणे म्हणता आलं की नाव काढायचं. तरतूद आणि राइट-ऑफ यांच्यात असं वर्षांचं अंतर पडू शकतं, आणि त्या अंतरात काही गैर नाही.

## आयकर खातं मात्र राइट-ऑफच विचारतं

इथे हिशेब आणि कर यांच्या वाटा वेगळ्या होतात. आयकर कायद्यानुसार बुडीत उधारीची वजावट मिळते ती वह्यांत 'वसूल न होणारी' म्हणून राइट-ऑफ केल्यावर. संशयित येण्यांसाठी केलेली तरतूद साध्या व्यापारी कंपनीला चालत नाही. आपल्या उदाहरणातले ८.५० लाख नफ्यातून वजा झाले, पण करपात्र उत्पन्न काढताना ते परत मिळवावे लागतात. कळंगुटच्या हॉटेलाची वजावट मिळते ती राइट-ऑफच्या वर्षी.

पूर्वी उधारी खरंच बुडाली हे व्यापाऱ्याला सिद्ध करावं लागायचं आणि त्यावर वर्षानुवर्षं खटले चालायचे. १ एप्रिल १९८९ पासून कायद्याची भाषा बदलली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात स्पष्ट केलं की वह्यांत राइट-ऑफ केलं असेल तर तेवढं पुरे. मात्र ती रक्कम आधी कधीतरी उत्पन्न म्हणून दाखवलेली असली पाहिजे.

यातून एक ओढाताण निर्माण होते. करासाठी राइट-ऑफ लवकर केलेला बरा वाटतो. इंड एएस मात्र वाजवी आशा शिल्लक असेपर्यंत थांबायला सांगतं. मार्च महिन्यात घाईने निघालेल्या राइट-ऑफच्या याद्या पाहिल्या की ही ओढ दिसते. यादीतल्या प्रत्येक नावामागे परत आलेली नोटीस, बंद पडलेल्या जागेचा पुरावा, वसुलीचा खर्च विरुद्ध मिळकत असं टिपण आणि संचालकांची मंजुरी असेल, तर दोन्हीकडे उत्तर देता येतं.

जीएसटीचं दुखणं आणखी मोठं. बिल केलं तेव्हाच कर सरकारला भरून झाला. ग्राहकाने पैसे बुडवले म्हणून तो परत मिळण्याची सोय आपल्या जीएसटी कायद्यात नाही. म्हणून तरतूद मोजताना बिलाची करासह पूर्ण रक्कम धरायची, कारण बुडताना तीही बुडते.

## राइट-ऑफ म्हणजे माफी का?

नाही. राइट-ऑफ ही आपल्या वहीतली नोंद आहे; देणेकऱ्याची जबाबदारी तिने संपत नाही. इंड एएस १०७ तर राइट-ऑफ केलेल्या पण वसुलीची कारवाई चालू असलेल्या रकमा वेगळ्या दाखवायला सांगतं, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात हे मानकाने गृहीतच धरलं आहे. बँकांच्या बातम्यांनाही हेच लागू पडतं. वसुली नीट होते की नाही हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, तो जरूर विचारावा, पण राइट-ऑफ या शब्दाला माफी समजून नव्हे.

दावा मरतो तो दुसऱ्याच कारणाने. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात. त्या काळात देणेकऱ्याने सही करून बाकी कबूल केली, किंवा काही रक्कम भरून त्याची लेखी खूण ठेवली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून ३१ मार्चला ग्राहकांकडून बाकी-पुष्टीची पत्रं सहीनिशी घेणं हे केवळ लेखापरीक्षकाचं समाधान नसतं. तीच पत्रं पुढे न्यायालयात उभी राहतात.

राइट-ऑफ करताना होणारी एक चूक मात्र खरोखरच माफीकडे नेऊ शकते. खातं शून्य करायला कारकून ग्राहकाच्या नावे क्रेडिट नोट काढतो. क्रेडिट नोट म्हणजे 'एवढी रक्कम तुमच्याकडून येणं नाही' असं आपणच लेखी देणं. जीएसटीत ती काढायची कारणं ठरलेली आहेत: माल परत आला, बिल जास्त झालं, माल किंवा सेवा सदोष होती. पैसे बुडाले हे त्यात बसत नाही. राइट-ऑफची नोंद जर्नलमध्ये करायची आणि ती ग्राहकाला कळवायची नाही.

पुढे कळंगुटच्या त्या हॉटेलाच्या भागीदाराने नवा धंदा सुरू केला आणि तडजोडीत एक लाख दिले, असं समजा. ते जुन्या खात्यात जमा करत बसायचं नाही, कारण ते खातं आता नाही. रोख नावे, आणि 'राइट-ऑफ केलेल्या येण्यांची वसुली' म्हणून नफा-तोटा खात्यात जमा. पूर्वी वजावट घेतली असल्यामुळे त्यावर कर लागतो. ही एक लाखाची वसुली दरांच्या अभ्यासातही उतरली पाहिजे, नाहीतर पुढचे दर उगाच चढे निघतात.

## फोंड्यातल्या घाऊक दुकानाला हे सगळं करावं लागतं का?

नाही. इंड एएस लागू आहे तो शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, अडीचशे कोटी किंवा अधिक नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना आणि त्यांच्या उपकंपन्यांना वगैरे. मालकीचं दुकान, भागीदारी संस्था, छोटी खासगी कंपनी यांना जुनीच हिशेब-मानकं आहेत. तिथे दरांचा तक्ता सक्तीचा नाही, आणि ठरावीक ग्राहकाची बाकी संशयित झाली की त्याच्यापुरती तरतूद करतात. कर फक्त राइट-ऑफवर कमी होतो, म्हणून बरेच जण तरतूद करतच नाहीत.

तरीही बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी जाणाऱ्या दुकानदाराने वरचा चार लाख भागण्याचा हिशेब एकदा स्वतःच्या वहीवर करून पाहावा. बँक येण्यांवर कर्ज देताना ठरावीक दिवसांहून, बहुधा नव्वद दिवसांहून, जुनी बिलं धरत नाही. आपली किती उधारी त्या रेषेपलीकडे जाते आणि गेल्यावर त्यातली किती परत येते, हे दोन आकडे हाती असले तर कुठल्या हॉटेलाला पुढचा माल उधार द्यायचा आणि कुणाकडून आधी रोख घ्यायचे, ते ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होतानाच ठरवता येतं.